रात्री एक ते पाच, इंटरनेट बंद

‘१० तारखेला रात्री १२ ते पहाटे ४ या वेळेत सेवा बंद राहील’ अशी सूचना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून आली, तर नेट नेमके कुठल्या रात्री जाणार? सूचना लिहिणाऱ्या इंजिनिअरच्या मनात काही गोंधळ नसतो. त्याच्या संगणकात तारीख मध्यरात्री बदलते, म्हणजे ९ तारखेची रात्र संपता संपता नेट जाणार. वाचणारा मात्र १० तारखेला रात्रीचे जेवण उरकून नेट जाण्याची वाट पाहतो, कारण आपल्याकडे रात्र ही आदल्या दिवसाचीच समजतात. पंचांगातही वार बदलतो तो सूर्योदयाला. अशा सूचनेनंतर चुकीच्या रात्री रजा टाकून बसलेली माणसे भेटतात.

यावरचा उपाय साधा आहे. बाराचा आकडाच टाळायचा आणि दोन्ही वार लिहायचे: ‘मंगळवारी रात्री उशिरा, म्हणजे बुधवार ११ मार्चच्या पहाटे १ ते ५’. एवढ्याने निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

पहाटेची वेळ का निवडतात, हे उघड आहे. घरगुती इंटरनेटचा सर्वाधिक वापर रात्री आठ ते अकराच्या दरम्यान असतो आणि दोननंतर तो तळाला जातो. पण पुण्यात किंवा ठाण्यात सगळेच झोपलेले नसतात. आपल्याकडे पहाटेचा एक वाजतो तेव्हा, अमेरिकेत घड्याळे पुढे केलेल्या महिन्यांत, न्यूयॉर्कला दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. तिकडच्या ग्राहकांसाठी घरून काम करणाऱ्यांची ती ऐन कामाची वेळ. ‘कुणाची फारशी गैरसोय होणार नाही’ हे वाक्य सूचनेत नसलेलेच बरे, ते याचसाठी.

आता चार तासांचे बघू. फायबरच्या जाळ्यात आपल्या घरातल्या डब्याची तार कंपनीच्या स्थानिक केंद्रातल्या एका मोठ्या यंत्राला जोडलेली असते. त्या यंत्राला ओएलटी म्हणतात. त्याच्या एकेका तोंडातून निघालेला प्रकाश वाटेत फाटे फुटून बहुधा ३२ किंवा ६४ घरांत जातो, आणि अशी कित्येक तोंडे त्या यंत्राला असतात. समजा, या यंत्रातले सॉफ्टवेअर बदलायचे आहे. आधी जुन्या मांडणीची प्रत काढून ठेवायची, मग नवे सॉफ्टवेअर चढवायचे, यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचे. यंत्र उठले की हजारो घरांतले डबे एकदमच दार ठोठावतात. प्रत्येकाची ओळख पटवायची, मग प्रत्येकाचे खाते तपासून त्याला आत घ्यायचे. म्हणून शेजाऱ्याचे नेट आले आणि आपले दहा मिनिटांनी आले, तर त्यात काही वावगे नाही.

हे सगळे सुरळीत झाले तर तासाभरात आटोपते. उरलेले तास असतात ते परतीसाठी. नवे सॉफ्टवेअर नीट चालत नाही असे दिसले, तर जुने पुन्हा चढवावे लागते आणि त्याला जवळपास तेवढाच वेळ जातो. म्हणून जाणते लोक काम सुरू करण्याआधीच एक वेळ ठरवून ठेवतात: तीन वाजेपर्यंत जमले नाही, तर तिथेच थांबायचे आणि मागे फिरायचे. ‘आणखी अर्धा तास द्या, होईलच’ असे म्हणत ही वेळ ओलांडली, की सकाळी सातला शहर जागे होते आणि फोन खणखणू लागतात.

परतीची वाटच बंद झाली तर काय होते, ते कॅनडाने पाहिले आहे. ८ जुलै २०२२ च्या पहाटे रॉजर्स ही तिथली बडी कंपनी आपल्या जाळ्याच्या गाभ्यात ठरलेली सुधारणा करत होती. काम सात टप्प्यांचे होते. आधीचे टप्पे बिनघोर पार पडल्यामुळे सहावा टप्पा कमी जोखमीचा मानला गेला. त्या टप्प्यात एका राउटरवरची गाळणी काढली गेली. कुठली माहिती कुठल्या वाटेने न्यायची, याच्या नोंदींचा लोंढा ती गाळणी अडवून धरत होती. तो लोंढा गाभ्यातल्या यंत्रांवर आदळला आणि ती कोलमडली. पावणेपाचच्या सुमारास सेवा गेली. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांचे मोबाइल आणि इंटरनेट बंद पडले, दुकानांत कार्डाने पैसे देता येईनात, ९११ या आपत्कालीन क्रमांकावर अनेकांचे फोन लागेनात. खरी पंचाईत पुढेच होती. बिघडलेल्या यंत्रांपर्यंत दुरून पोचण्याची वाट त्याच जाळ्यातून जात होती आणि इंजिनिअरांचे स्वतःचे फोनही त्याच कंपनीचे होते. दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डे त्यांच्यापर्यंत पोचवावी लागली. सारे मार्गी लागायला सुमारे सव्वीस तास गेले. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि पाच दिवसांचे पैसे बिलातून वजा केले.

ही मोठी माफी झाली. नेहमीच्या सूचनेतली माफी छोटी असते, पण ती खरी आहे की नुसती उपचाराची, ते कळतेच. मुंबईकर रविवारच्या मेगाब्लॉकवर चिडतो, तरी त्याची सूचना तो लक्ष देऊन वाचतो. माटुंगा ते मुलुंड, धीमा मार्ग, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५, गाड्या जलद मार्गावरून: त्यावर दिवस आखता येतो. ‘तांत्रिक कारणास्तव काही भागांत सेवा विस्कळीत होऊ शकते’ या वाक्यावर काहीच आखता येत नाही, मग त्याखाली कितीही दिलगिरी लिहा. नेटबरोबर आणखी काय काय बंद पडेल, तेही ग्राहकाला आपणहून सुचत नाही. फायबरवरचा लँडलाइन जातो, सोसायटीच्या कॅमेऱ्यांचे दूरवरून पाहणे थांबते. घरात आजारी माणूस असेल आणि मोबाइलला रेंज नसेल, तर ही माहिती माफीहून मोलाची.

मी लिहिली असती, तर सूचना अशी लिहिली असती:

‘मंगळवारी रात्री उशिरा, म्हणजे बुधवार ११ मार्चच्या पहाटे १ ते ५ या वेळेत आपल्या इमारतीचे इंटरनेट आणि फायबरवरचा लँडलाइन बंद राहील. आम्ही केंद्रातल्या यंत्राचे सॉफ्टवेअर बदलत आहोत. काम तासाभराचे आहे. अडचण आल्यास पूर्ववत करता यावे म्हणून चार तास घेतले आहेत. रात्री काम करणाऱ्यांना याचा थेट त्रास होणार आहे, त्याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो. त्या वेळेपुरता मोबाइल डेटाची सोय करून ठेवावी. काम संपताच, आणि उशीर होणार असल्यास पाचच्या आत, पुन्हा कळवू.’

शेवटचे वाक्य लिहिणे सोपे, पाळणे अवघड. पहिला संदेश दिवसा, निवांत तयार होतो. दुसरा पाठवायचा असतो पहाटे पावणेपाचला, थकलेल्या माणसाने, आणि तोही काम अडल्याची कबुली देत. बहुतेक ठिकाणी तो जातच नाही.

पाच वाजून गेले आणि नेट आले नसेल, तर फोन करण्याआधी डब्यावरचे दिवे पाहावेत. `LOS` हा दिवा लाल लुकलुकत असेल, तर केंद्राकडून प्रकाशच येत नाही. शेजाऱ्यांकडेही तसेच असेल तर काम अजून चालू आहे किंवा मुख्य तार तुटली आहे. फक्त तुमच्याकडे असेल तर बिघाड तुमच्या तारेत आहे आणि त्याची तक्रार वेगळी नोंदवावी लागेल. `PON` हिरवा स्थिर असून नेट नसेल, तर तार ठीक आहे, अडकले आहे ते पुढे. अशा वेळी डबा एकदाच बंद करावा, दोन मिनिटांनी चालू करावा. मागचे लहान छिद्र टाचणीने दाबू नये. त्याने डब्यातली सगळी मांडणी पुसली जाऊ शकते आणि मग पहाटेचे काम वेळेत संपलेले असूनही माणूस घरी येईपर्यंत तुमचे नेट बंदच राहते.