अणशीतले बारा आठवडे

आपल्या मंडळात गेल्या दोन वर्षांत तीन-चार घरांतून एकच प्रश्न आला: "भारतातून आमची भाची, पुतणी, सून नर्सिंगच्या परीक्षेला बसते आहे, तू अभ्यास कसा केलास?" प्रत्येकीला फोनवर तेच सांगून झालं, म्हणून आता लिहूनच काढते.

परीक्षा म्हणजे एनक्लेक्स-आरएन. अमेरिकेत नर्स म्हणून परवाना हवा असेल तर ती पास व्हावी लागते. मी गोव्यातली नोकरी सोडून जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी, अणशीला आले. ऑगस्टच्या शेवटी बेंगळुरूच्या केंद्रावर तारीख घेतली होती. नोंदणीचे दोनशे आणि भारतात परीक्षा देण्याचे वरचे दीडशे असे साडेतीनशे डॉलर भरून झाले होते, तेही दादाकडून उसने घेऊन. नापास झालं तर पंचेचाळीस दिवस पुन्हा बसता येत नाही आणि पैसे नव्याने भरावे लागतात.

ज्यांनी अणशी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कारवारहून कद्र्यावरून घाट चढून गेलं की जोयडा तालुक्यात, वाघांच्या राखीव जंगलात आमचं गाव आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो. आमच्या घरात नेटवर्क नव्हतं, ते यायचं रस्त्याकडेच्या काकांच्या दुकानात. म्हणून सकाळी दुकानात मोबाईलवर प्रश्न सोडवायचे, उत्तरांची स्पष्टीकरणं वहीत उतरवायची आणि घरी येऊन वाचायची, असा दिवसाचा साचा पडला.

मी आधी ठरवलं होतं की आठ आठवडे जाडजूड पुस्तकं वाचायची आणि शेवटचे चार आठवडे प्रश्न सोडवायचे. आपल्याकडे सगळ्या परीक्षांचा अभ्यास असाच होतो. पण पहिल्याच आठवड्यात, काहीही न वाचता, पंच्याऐंशी प्रश्नांची एक चाचणी दिली. चव्वेचाळीस बरोबर, एक्केचाळीस चूक. मग प्रत्येक चुकीपुढे तिचं कारण लिहिलं. चौदा ठिकाणी मला विषयच येत नव्हता. आठ ठिकाणी प्रश्न घाईत वाचला होता किंवा बरोबर उत्तर शेवटी बदललं होतं. उरलेल्या एकोणीस ठिकाणी माहिती सगळी होती, पण 'आधी काय करायचं' हे चुकलं होतं. पुस्तक आठ आठवडे वाचून त्या एकोणिसांतला एकही सुधारला नसता.

एक उदाहरण देते. तुमच्याकडे चार रुग्ण आहेत, आधी कोणाकडे जाल? एकाचं पोटाचं ऑपरेशन झालंय आणि दुखणं दहापैकी सात आहे. दुसऱ्याची साखर जेवणाआधी दोनशे दहा आहे. तिसरीची काल थायरॉईडची शस्त्रक्रिया झाली, आता आवाज घोगरा झालाय आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय. चौथ्याला न्यूमोनिया आहे, ताप आहे, अँटिबायोटिक चालू आहे. मी पहिला रुग्ण निवडला. का? कारण आमच्या वॉर्डात ज्याचे नातेवाईक जोरात ओरडतात त्याच्याकडे आधी धावायची सवय. उत्तर तिसरी. गळ्यात सूज किंवा रक्त साचून तिची श्वासनलिका बंद होत असते आणि तिच्या हातात काही मिनिटंच असतात. दुखणं, साखर आणि ताप थोडा वेळ थांबू शकतात. न्यूमोनियात ताप अपेक्षितच आहे, पण त्या शस्त्रक्रियेनंतर श्वासाचा असा आवाज अपेक्षित नाही. हा 'अपेक्षित की अनपेक्षित' प्रश्न मी पुढे रोज स्वतःला विचारत राहिले.

मग वेळापत्रक उलटं केलं. पहिले तीन आठवडे वाचन, तेही फक्त कच्च्या विषयांचं: हृदय, रक्तातले क्षार, मानसिक आजार, बाळंतपण. सोबत रोज पंचवीस प्रश्न. चौथ्यापासून नवव्या आठवड्यापर्यंत रोज पन्नास प्रश्न. त्यांना सकाळचा दीड तास लागे आणि स्पष्टीकरणं वाचायला दुपारचे तीन तास. हे उलटं वाटेल, पण शिकणं त्या तीन तासांतच होतं. बरोबर आलेल्या उत्तराचंही कारण वाचायचं, कारण कित्येकदा ते अंदाजाने आलेलं असतं. रविवारी वही बंद.

'लागू असलेले सगळे पर्याय निवडा' या प्रश्नांना सगळ्या जणी घाबरतात. तिथे बरोबर पर्यायाला एक गुण मिळतो, चुकीच्या पर्यायाला एक वजा होतो, मात्र गुण शून्याच्या खाली जात नाहीत. म्हणजे दोन पर्यायांची खात्री असेल तर दोनच निवडावेत; तिसरा नुसत्या अंदाजाने जोडला आणि चुकला तर हातातला एक गुण जातो.

आठव्या आठवड्यात माझी गाडी घसरली. पन्नासांत एकतीस-बत्तीस बरोबर येत होते ते सव्वीसवर आले. घाबरून मी रात्री कंदील लावून बसायला लागले, झोप चार तासांवर आली. चुकांची वही पाहिली तेव्हा कळलं: न येणारे प्रश्न वाढलेच नव्हते. घाईत वाचलेले प्रश्न मात्र दिवसाला तीनवरून नऊवर गेले होते. विषय कच्चा असला तर पहिला रकाना वाढतो, डोकं थकलं तर हा. आईला रकान्यातलं काही कळत नव्हतं, पण तिने संध्याकाळी वही उचलून तांदळाच्या पिंपावर ठेवली आणि म्हणाली, "सकाळी काढ." तीन दिवस रोज पंचवीसच प्रश्न केले, रात्री नऊला झोपले. चौथ्या दिवशी घाईच्या चुका पुन्हा चारवर आल्या.

दहावा आणि अकरावा आठवडा कारवारला आत्याकडे काढला, कारण पाच तास सलग वीज आणि नेट हवं होतं. आठवड्यातून दोनदा दीडशे प्रश्नांची पूर्ण चाचणी, ज्या वेळेला खरी परीक्षा होती त्याच वेळेला. शंभराव्या प्रश्नानंतर माझं लक्ष उडतं हे तिथेच कळलं, म्हणून परीक्षेत दोन तासांनंतर मिळणारी सुट्टी नक्की घ्यायची ठरवलं. बाराव्या आठवड्यात नवीन काही नाही, फक्त चुकांची वही आणि औषधं.

परीक्षेच्या ताणाचं मोठं कारण मात्र वेगळंच आहे आणि ते आधी माहीत असलेलं बरं. उत्तर बरोबर आलं की संगणक पुढचा प्रश्न अवघड देतो, चुकलं की सोपा. त्यामुळे चांगल्या चाललेल्या मुलीलाही निम्मे प्रश्न चुकताहेत असंच वाटतं. किमान पंच्याऐंशी आणि जास्तीत जास्त दीडशे प्रश्न असतात. तुम्ही पास की नापास याची पंच्याण्णव टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. म्हणजे पंच्याऐंशीला थांबला तर पास, असं काही नाही. आणि पुढे गेला तर नापास असंही नाही, अजून निकाल लागायचाय एवढंच. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही.

माझा पंच्याऐंशीला थांबला नाही. नव्वद झाले, शंभर झाले, हात गार पडले. सुट्टी घेतली, तोंड धुतलं, आणलेला चपातीचा तुकडा खाल्ला. एकशे बाराव्या प्रश्नानंतर पडदा कोरा झाला. पास झाल्याचं नंतर कळलं. त्या क्षणी मला काहीच सांगता आलं नसतं.

बाहेर येऊन काकांच्या दुकानात फोन लावला. आई सकाळपासून तिथेच बसली होती.

"संपलं का गं?" तिने विचारलं.

"संपलं."

"मग आता वही पिंपावर ठेवू?"