लग्न ठरल्याप्रमाणेच, जागा तेवढी बदलली

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला वळवाचा पाऊस आला आणि पाऊण तासात साताऱ्याबाहेरच्या लॉनवरचा मांडव आडवा झाला. शुक्रवारी दुपारी तिथेच माझ्या भाचीचं लग्न लागायचं होतं. मैदानात घोटाभर चिखल. दुसऱ्या दिवशीही पाऊस येणार असं दिसत होतं, तेव्हा मांडव पुन्हा उभा करण्यात अर्थ नव्हता. नऊच्या सुमाराला शहरात राजवाड्याजवळचं एक कार्यालय मोकळं मिळालं आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण तेवढ्यात घाबरलेल्या काकांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहून टाकलं होतं : ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की, काही अपरिहार्य कारणास्तव शुक्रवारच्या विवाहसोहळ्यात बदल करण्यात आला आहे. तपशील लवकरच.’

पहिला फोन डोंबिवलीहून आला. “कोण गेलं?” दुसरा कोल्हापूरच्या आत्यांचा. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “मोडलं का रे?”

दोघांचंही चुकलं नव्हतं. ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते’ हे शब्द आपण पिढ्यान् पिढ्या निधनाच्या बातमीसाठी वापरत आलो आहोत. ‘अपरिहार्य कारण’ म्हणजे तोंडाने सांगता येत नाही असं कारण, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाच्या दोन दिवस आधी ‘बदल’ हा शब्द दिसला, की वाचणाऱ्याला सगळ्यात आधी भीती वाटते ती लग्न मोडल्याची. ही शंका जाईपर्यंत त्याच्या डोक्यात पत्ता शिरत नाही. म्हणून माझं ठाम मत झालं आहे, की काय बदललं हे सांगताना त्याच दमात काय बदललेलं नाही हेही सांगावं.

दुसरा मेसेज मी आणि बहिणीने बसून लिहिला. पाठवण्याआधी चार फोन केले : व्याह्यांना, गुरुजींना, आचाऱ्याला आणि मुंबईहून वऱ्हाड आणणाऱ्या बसवाल्याला. व्याह्यांना मजकूर शब्दशः वाचून दाखवला, कारण दोन्हीकडच्या ग्रुपवर एकच मजकूर जायला हवा होता. एकीकडे ‘साडेअकरापर्यंत या’ आणि दुसरीकडे ‘बारापर्यंत चालेल’ असं गेलं, की दोन्ही ग्रुपमध्ये असलेला एखादा मावसभाऊ ते हेरतो आणि पुन्हा फोन सुरू होतात.

सव्वादहाला गेलेला मजकूर असा होता :

‘महत्त्वाचे : लग्नाचे ठिकाण बदलले आहे.
लग्न ठरल्याप्रमाणे शुक्रवार, 16 मे रोजीच आहे. मुहूर्त तोच, दुपारी 12 वाजून 32 मिनिटे.
पावसामुळे लॉनवरचा मांडव पडला. कोणालाही इजा झालेली नाही.
नवे ठिकाण : (कार्यालयाचे नाव), राजवाड्याजवळ, सातारा. नकाशा खाली दिला आहे.
पत्रिकेतल्या लॉनवर कृपया जाऊ नये.
मुंबईची बस ठरल्या जागेवरून, ठरल्या वेळीच सुटेल. गुरुवारची हळद घरीच.
फोन : वधूचे मामा, वराचे काका (दोघांचे नंबर).
दोन्ही घरांकडून. बुधवार, 14 मे, रात्री 10.15’

कारण एका ओळीत संपलं. लॉनवाल्याने मांडव नीट बांधला नव्हता, पैसे परत देणार का, हे सगळं आमच्या घरात गरमागरम चाललं होतं, पण पाहुण्याला त्याचा उपयोग नाही. ‘कोणालाही इजा नाही’ हे मात्र हवंच, नाहीतर पुढचे वीस फोन त्याच चौकशीचे.

मजकुरात ‘परवा’ हा शब्द कुठेही नाही. बुधवारी रात्रीचा मेसेज कोणी गुरुवारी सकाळी वाचतं आणि त्याचा परवा शनिवार होतो. तारखेशेजारी वार लिहिला, की चूक झाली तरी सापडते. आमच्या कच्च्या मजकुरात ‘शुक्रवार, 15 मे’ पडलं होतं. बहिणीच्या सासूबाईंनी मोठ्याने वाचताना ते पकडलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण तोवर कोणी तो पुढे पाठवला असेल, तर ती प्रत चुकीचीच फिरत राहते. शेवटी लिहिलेली तारीख-वेळ त्यासाठीच. पुढे ढकललेल्या मेसेजवर मूळ वेळ दिसत नाही आणि दोन सूचना हातात पडल्या, की नंतरची कोणती हे त्या एका ओळीवरूनच कळतं.

काकांचा पहिला मेसेज लगेच काढून टाकायला मी नको म्हटलं. ‘हा मेसेज हटवला आहे’ एवढीच ओळ उरली असती, तर संशय आणखी वाढला असता. नवा मजकूर गेल्यावर मग तो काढला.

नकाशाचा घोळ हमखास होतो. घरी बसून ‘सध्याचं लोकेशन’ पाठवलं, की पाहुणे कार्यालयाऐवजी आपल्या दारात येतात. ‘लाइव्ह लोकेशन’ फार तर आठ तास चालतं. ते आपल्या फोनबरोबर फिरतं आणि नंतर बंद पडतं. कार्यालयाचं नाव नकाशात शोधून तीच खूण पाठवावी आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावी. जुन्या पत्रिकेवर लाल फुली मारून ती पुन्हा टाकू नये. घाईत पाहणाऱ्याला फुली दिसत नाही, जुना पत्ता तेवढा दिसतो. आम्ही नव्या पत्त्याचा साधा, मोठ्या अक्षरांतला फोटो टाकला.

दहा मिनिटांत नमस्काराच्या हातांची आणि ‘ओके’ची रांग लागली आणि मेसेज वर सरकून गेला. भाच्याने तो ग्रुपच्या माथ्यावर पिन केला, सात दिवसांसाठी. पण ‘ओके’ म्हणजे पोचपावती नव्हे. आम्ही यादी काढली, आठ जणांत घरं वाटली आणि प्रत्येक घरी फोन केला. ‘मेसेज बघितला का?’ असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. ‘शुक्रवारी कुठे येणार?’ असं विचारलं. पाच घरांनी लॉनचं नाव घेतलं. त्यांतल्या दोघांनी ग्रुपवर हात जोडले होते.

तारीखच पुढे गेली, तर मजकुराची चाल तीच राहते, पण एक गोष्ट जास्त लागते. घरात कोणी गेलं आणि सुतकामुळे लग्न पुढे ढकललं, तर तसं सरळ लिहावं. नवा मुहूर्त निघाला नसेल, तर ‘लवकरच कळवू’ म्हणू नये. ‘नवी तारीख रविवारी संध्याकाळपर्यंत याच ग्रुपवर सांगू, तोवर नवी तिकिटं काढू नयेत’ असं लिहावं. रविवारी ठरली नाही, तर तेही रविवारीच सांगावं. लांबून येणाऱ्यांचं रेल्वेचं आरक्षण, रजा, मुलांच्या परीक्षा, सगळं त्या एका दिवसावर अडकून बसलेलं असतं.

शुक्रवारी सकाळी नऊपासून भाच्याचा मित्र जुन्या लॉनच्या फाटकाशी गाडी घेऊन थांबला. फाटकावर नवा पत्ता लिहिलेला कागद लावला होता. मुहूर्तापर्यंत तिथे तीन गाड्या आल्या. तिसऱ्या गाडीत माझ्या आईची ऐंशी वर्षांची मैत्रीण होती. त्यांच्याकडे साधा फोन होता, त्या कुठल्याच ग्रुपमध्ये नव्हत्या आणि पत्रिका आईने स्वतः नेऊन दिल्यामुळे त्यांचं नाव आमच्या यादीतही नव्हतं. मित्राने त्यांच्या गाडीपुढे आपली गाडी घातली. मंगलाष्टकं सुरू असताना त्या कार्यालयात पोचल्या आणि अक्षता त्यांच्या हातात पडल्या.