चार्ज भरलेला सेल आणि बंद पडणारा बोर्ड

जमिनीतला ओलावा मोजून वायफायने कळवणारे छोटे यंत्र आज कुणीही हौसेने बनवू शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ईएसपी ३२ चा डेव्हलपमेंट बोर्ड मिळतो, एक १८६५० लिथियम सेल मिळतो, ओलाव्याचा सेन्सर मिळतो. सेल पूर्ण चार्ज करून सगळे जोडले की यंत्र सुरू होते, मोबाइलवर आकडे येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र ते वायफायला जोडले जाताना दर वेळी रीसेट होऊ लागते. मल्टिमीटर लावला तर सेलवर ३.७ व्होल्ट दिसतात, म्हणजे त्यात अजून बराच चार्ज शिल्लक आहे. मग संशय प्रोग्रॅमवर जातो, सेन्सरवर जातो, वायफायच्या रेंजवर जातो. खरे कारण असते बोर्डाच्या कोपऱ्यातल्या तीन पायांच्या आणि एका रुंद पट्टीच्या काळ्या आयसीत. तो असतो लिनियर व्होल्टेज रेग्युलेटर, आणि अशा बोर्डांवर बहुधा ‘एएमएस १११७’ या जातीचा.

ईएसपी ३२ ला ३.३ व्होल्ट लागतात. ३.० ते ३.६ ही त्याची सुरक्षित कक्षा. लिथियम सेलचे व्होल्टेज मात्र एका जागी थांबत नाही. पूर्ण भरलेला असताना ते ४.२ असते, बराच काळ ३.७ च्या आसपास रेंगाळते आणि रिकामा होताना ३.० पर्यंत उतरते. या बदलत्या व्होल्टेजमधून स्थिर ३.३ काढून देणे हे रेग्युलेटरचे काम. सेल आणि चिप यांच्या मध्ये तो एक ट्रान्झिस्टर ठेवतो आणि जास्तीचे व्होल्टेज त्या ट्रान्झिस्टरवर अडवतो. पण ट्रान्झिस्टरला काम करण्यासाठी स्वतःसाठी काही व्होल्ट हवेच असतात. आत येणारे आणि बाहेर जाणारे व्होल्टेज यांत कमीत कमी जेवढा फरक असला तरच रेग्युलेटर आपले काम करू शकतो, त्या फरकाला ड्रॉपआऊट म्हणतात.

एएमएस १११७ चा ड्रॉपआऊट साधारण १.१ व्होल्ट आहे, भार पूर्ण असेल तर १.३ पर्यंत. यात कसलाही दोष नाही, त्याची आतली रचनाच तशी आहे. त्यात वीज वाहून नेणारा ट्रान्झिस्टर एनपीएन प्रकारचा असतो. तो उघडा ठेवायचा तर त्याच्या बेसवर आउटपुटपेक्षा पाऊण-एक व्होल्ट जास्त द्यावा लागतो, आणि तो व्होल्ट देणाऱ्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरलाही थोडी जागा लागते. जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या ७८०५ मध्ये असे दोन एनपीएन ट्रान्झिस्टर एकामागे एक असतात. म्हणून तिथे हाच फरक सुमारे २ व्होल्ट होतो, आणि ५ व्होल्ट मिळवायला आत किमान ७ द्यावे लागतात.

आता साधी वजाबाकी करू. सेल पूर्ण भरलेला, ४.२ व्होल्ट. त्यातून १.१ गेले, उरले ३.१. म्हणजे पहिल्या मिनिटापासूनच चिपला ३.३ मिळालेले नाहीत. रेग्युलेटर नियमन करायचे सोडून सेलच्या मागे-मागे, १.१ चे अंतर राखून उतरत असतो. पण ३.१ वर चिप चालते, म्हणून सगळे ठीक वाटते. सेल ३.७ वर आला की चिपला उरतात २.६. चिप शांत असताना तीही कदाचित चालत राहील, पण वायफायवरून पाठवताना ती थोड्या वेळापुरते २४० मिलिॲम्पियरच्या घरात करंट ओढते. त्या झटक्यात सेल, तारा आणि रेग्युलेटर यांच्यावर मिळून आणखी काही दशांश व्होल्ट पडतो. चिपच्या आतला पहारेकरी अडीच व्होल्टच्या आसपास धोका ओळखतो, चिप रीसेट करतो आणि संगणकाच्या सीरियल मॉनिटरवर एक ओळ उमटते:

```
Brownout detector was triggered
```

ही ओळ दिसली तर प्रोग्रॅम तपासत बसू नये. मल्टिमीटरवरही फार विसंबू नये. तो सरासरी दाखवतो, आणि ही घसरण काही मिलिसेकंदांची असते. ऑसिलोस्कोपचे प्रोब ३.३ व्होल्टच्या पिनवर धरून ट्रिगर त्या पिनवरच्या शांत व्होल्टेजच्या किंचित खाली ठेवला की वायफाय सुरू होतानाचा खड्डा स्पष्ट दिसतो. बोर्ड बनवणाऱ्यालाही दोष देता येत नाही. बोर्ड यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवायचा म्हणून बनवलेला आहे. तिथे ५ आणि ३.३ यांत १.७ चा फरक मिळतो आणि एएमएस १११७ आरामात काम करतो. सेल लावणे ही आपली कल्पना असते.

इथे बहुतेक जण एक सरळ उपाय करतात. एका सेलचे व्होल्टेज पुरत नाही ना, मग दोन सेल मालिकेत जोडू. भरलेले असताना ८.४ व्होल्ट, नेहमीचे ७.४. रीसेट होणे त्याच क्षणी थांबते. काही मिनिटांनी रेग्युलेटरला बोट लावले तर चटका बसतो.

लिनियर रेग्युलेटरमध्ये जेवढा करंट आत जातो तेवढाच बाहेर येतो. कमी होते ते फक्त व्होल्टेज, आणि त्या कमी झालेल्या व्होल्टेजची सगळी ऊर्जा उष्णता होऊन त्या नखाएवढ्या आयसीतूनच बाहेर पडते. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून गाडीचा वेग ब्रेकने सांभाळावा, तसे हे आहे. ८.४ मधून ३.३ वजा केले की ५.१ व्होल्ट उरतात. करंट २५० मिलिॲम्पियर धरला तर ५.१ गुणिले ०.२५, म्हणजे जवळपास १.२८ वॅट उष्णता.

सव्वा वॅट ऐकायला किरकोळ वाटते. पण या आकाराच्या आयसीला हीटसिंक नसतो, त्याची उष्णता पट्टीतून पीसीबीच्या तांब्यात आणि तिथून हवेत जाते. पट्टीखाली तांबे बेताचेच असेल, तर दर वॅटमागे आतली सिलिकॉनची चिप भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ९० अंशांनी तापते, असे त्याचे डेटाशीट सांगते. १.२८ वॅटला हे होतात ११५ अंश. हवा ३५ अंशांवर असेल तर आतले तापमान १५० च्या घरात जाते. कमाल मर्यादा आहे १२५ अंश.

मर्यादा ओलांडून बरेच पुढे गेले की रेग्युलेटर स्वतःला बंद करून घेतो. ही सोय जुनी आहे. नॅशनल सेमीकंडक्टरच्या बॉब विडलर यांनी १९७० च्या आसपास एलएम १०९ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर बनवताना तापमान ओळखणारी रचना त्याच सिलिकॉनच्या तुकड्यात बसवली, आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक रेग्युलेटरमध्ये ती असते. तिचे लक्षण ओळखता येते. यंत्र काही मिनिटे चालते, बंद पडते, थंड होऊन पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते. ड्रॉपआऊटचा बिघाड सेल उतरल्यावर आणि करंटच्या झटक्याला दिसतो. उष्णतेचा बिघाड सेल भरलेला असताना आणि दुपारी जास्त दिसतो. दोन्ही बिघाडांत बोर्ड रीसेटच होतो, म्हणून ही वेळ नोंदवून ठेवणे फार उपयोगी पडते.

दुपारचे तापमान गौण नाही. हेच यंत्र विदर्भात उन्हाळ्यात शेतात बंद डब्यात ठेवायचे असेल, तर डब्याच्या आत ६० अंश धरून चालावे. मग १२५ पर्यंत उरतात फक्त ६५ अंश. त्याला ९० ने भागले की रेग्युलेटर सोसू शकेल अशी उष्णता येते ०.७२ वॅट, आणि ५.१ व्होल्टच्या फरकावर त्याचा अर्थ सुमारे १४० मिलिॲम्पियर. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ‘१ ॲम्पियर’ लिहिलेला आयसी या डब्यात सलग १४० मिलिॲम्पियरपेक्षा जास्त देऊ शकत नाही. रेग्युलेटर निवडताना पहिल्या पानावरचा ॲम्पियरचा आकडा सगळ्यात कमी उपयोगाचा, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. करंट आत-बाहेर सारखाच असल्याने २५०० मिलिॲम्पियर-तासांचे दोन सेल मालिकेत जोडले, तरी यंत्राला मिळतात २५०० मिलिॲम्पियर-तासच. ७.४ व्होल्टमधून ३.३ वापरले जातात, म्हणजे निम्म्याहून कमी. दुसऱ्या सेलचे पैसे मोजले, त्याला चार्ज केले, वजन वाढवले, आणि त्याची ऊर्जा रेग्युलेटर तापवण्यात गेली. तेच दोन सेल समांतर जोडले तर ५००० मिलिॲम्पियर-तास मिळतात आणि यंत्र दुप्पट वेळ चालते. जोडताना दोन्हींचे व्होल्टेज सारखे असले पाहिजे, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात बेफाम करंट ढकलतो.

समांतर जोडणीने व्होल्टेज एका सेलचेच राहते, म्हणून आता रेग्युलेटर बदलावा लागतो. कमी ड्रॉपआऊटच्या आधुनिक रेग्युलेटरमध्ये एनपीएनऐवजी पी-चॅनेल मॉसफेट असतो. त्याला उघडायला आउटपुटपेक्षा वरचे व्होल्टेज लागत नाही, गेट जमिनीकडे ओढले की झाले. पूर्ण उघडल्यावर तो एखाद्या छोट्या रेझिस्टरसारखा वागतो, त्यामुळे करंट निम्मा झाला की ड्रॉपआऊटही जवळपास निम्मा होतो. एमसीपी १७०० चा ड्रॉपआऊट २५० मिलिॲम्पियरला सुमारे ०.१८ व्होल्ट आहे. पण २५० हीच त्याची मर्यादा, आणि ईएसपी ३२ साठी ५०० मिलिॲम्पियर देऊ शकेल असा पुरवठा ठेवा असे त्याचे निर्माते सांगतात. एपी २११२ हा ६०० मिलिॲम्पियरचा आयसी त्यासाठी बरा. पूर्ण भाराला त्याचा ड्रॉपआऊट साधारण पाव व्होल्ट, वायफायच्या झटक्याला त्याहूनही कमी. सेल साडेतीन व्होल्टच्या खाली जाईपर्यंत तो ३.३ धरून ठेवतो, आणि तोवर सेलमधला बहुतेक चार्ज वापरून झालेला असतो. ३.७ व्होल्टच्या सेलवर ३.३ काढताना ८९ टक्के ऊर्जा कामी येते आणि २५० मिलिॲम्पियरला उष्णता होते फक्त ०.१ वॅट. मात्र त्याला ६ व्होल्टपेक्षा जास्त देता येत नाही, त्यामुळे मालिकेतल्या दोन सेलना तो लावू नये.

झोपेतला खर्चही सुधारतो. एएमएस १११७ काहीही न करता सुमारे ५ मिलिॲम्पियर स्वतःच खातो, त्यावर २५०० चा सेल तीन आठवड्यांत संपतो. एपी २११२ त्याच कामाला ५५ मायक्रोॲम्पियर घेतो.

काही यंत्रांना दोन-तीन सेलची मालिका टाळता येत नाही, कारण त्यांत मोटर किंवा पंपाचा व्हॉल्व्ह असतो. तिथे लिनियर रेग्युलेटरचा हट्ट सोडून बक कन्व्हर्टर वापरावा. तो व्होल्टेज उतरवताना आत घेतला जाणारा करंटही कमी करतो, त्यामुळे ८.४ व्होल्टवरही वाया जाणारी ऊर्जा दहा-पंधरा टक्क्यांत राहते. त्याच्या स्विचिंगचा गोंगाट सेन्सरला त्रास देत असेल, तर बकने आधी ३.७ पर्यंत उतरवून शेवटची पायरी कमी ड्रॉपआऊटच्या लिनियर रेग्युलेटरवर सोपवता येते.

यंत्र शेतात लावण्याआधी दोन चाचण्या घरीच कराव्यात. सेलच्या जागी बदलता पॉवर सप्लाय जोडून व्होल्टेज ३.५ वर आणा आणि वायफायवरून सतत डेटा पाठवत ठेवा. मग व्होल्टेज कमाल पातळीवर नेऊन, डबा बंद करून, तो दुपारभर उन्हात ठेवा. दोन्हींत एकदाही रीसेट झाला नाही, तरच तो बोर्ड बांधावर न्या.