निघालो म्हणजे निघालो

‘आय ॲम ऑन माय वे’ हे वाक्य छापलेलं असलं की शाळकरी पोरालाही वाचता येतं. फोनवर मात्र ते ‘आय्मॉन्माय्वेइ’ असं एका दमात कानावर आदळतं आणि आपण गडबडतो. त्यामुळे चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत अर्थाला फार वेळ देऊ नये. तो प्रसंगातूनच कळतो. मैत्रीण नाट्यगृहाबाहेर ताटकळतेय, तुम्ही रिक्षात आहात आणि ती फोनवर विचारते, ‘कुठे आहेस?’ एवढं मराठीत पाच सेकंदांत सांगून होतं.

मग वाक्य पहिल्यांदा नेहमीच्या वेगानेच ऐकवावं. आधी सावकाश म्हटलं तर ‘आय... ॲम... ऑन...’ असे तुकडे डोक्यात बसतात आणि पुढे जुळत नाहीत. सराव शेपटाकडून घ्यावा: ‘वे’, ‘माय वे’, ‘ऑन माय वे’, मग पूर्ण वाक्य. प्रत्येक वेळी जोर शेवटच्या ‘वे’वरच पडतो, त्यामुळे वाक्याची चाल बिघडत नाही. प्रत्येक तुकड्यानंतर दोन सेकंद गप्प राहायचं, म्हणजे बघणाऱ्याला म्हणता येतं.

खरी अडचण त्या ‘वे’ची आहे. ‘वेळ’ म्हणताना आपला खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो. इथे दातांचं काहीच काम नाही, ओठांचा चंबू हवा. ‘उ’ म्हणा आणि न थांबता ‘एइ’वर या. या वेळी कॅमेरा ओठांजवळ न्यावा आणि बघणाऱ्याला आरसा धरायला सांगावं. ओठ दातांना टेकला, तर आवाज चुकलाच. पडद्यावर I'm on my way, त्यातलं way ठळक, आणि खाली ‘आय्मॉन्माय् उएइ’. देवनागरीत हा आवाज तंतोतंत उतरत नाही, म्हणून ती ओळ आधारापुरतीच. अक्षरं अगदी तळाशी ठेवू नयेत, ॲपची बटणं आणि मजकूर त्यांवर चढतो.

वापराचं उदाहरण दोन ओळींचं पुरे. ‘व्हेअर आर यू?’ ‘आय्म ऑन माय वे. आय्ल बी देअर इन टेन मिनिट्स.’ मात्र बोलणारा रस्त्यावरच दाखवावा. आपण टॉवेल गुंडाळूनही ‘निघालोच’ म्हणतो, ती सवय या वाक्याला चिकटायला नको. याचा सरळ अर्थ घर सोडलंय असाच होतो. (इंग्रजही थापा मारतातच, तो भाग वेगळा.) अजून घरीच असलेल्यासाठी ‘आय ॲम अबाउट टू लीव्ह’ आहे, पण ते इथे घुसडू नये. दोन वाक्यं आली की दोन्ही अर्धवट राहतात.

शेवटी नवा प्रसंग द्यावा: साहेब फोनवर विचारतायत, तुम्ही बसमध्ये आहात. चार सेकंद शांतता, मग उत्तर. नुसतं ऐकत बसलेल्याची जीभ इथेच अडखळते. संपादन करणारे हीच रिकामी जागा कंटाळवाणी म्हणून कापतात. त्यांना ती ठेवायला आधीच बजावून ठेवावं.