तांदूळ, पाणी, माती: बालवाडीतले तीन कोपरे

आज आपण बालवाडीत तीन कोपरे मांडून बघू. तीन ते पाच वर्षांची बारा मुलं, एक ताई आणि एक मदतनीस आहेत, असं धरू. प्रत्येक कोपऱ्यात चार मुलं, पंधरा मिनिटांनी अदलाबदल. पाण्याच्या कोपऱ्यापासून ताईंनी हलायचंच नाही. मदतनीस तांदूळ आणि माती यांच्या मधे बसते.

तांदळासाठी खाली जुनी चादर, तिच्यावर मोठी परात आणि दोन किलो कोरडा तांदूळ. लहान वाटीने मोठी वाटी किती वेळा ओतली की भरते, हे मुलं स्वतः शोधतात. चादर का? तर फरशीवर सांडलेल्या दाण्यांवरून पाय सटकतो. खेळ झाला की तांदूळ वेगळ्या डब्यात ठेवायचा, शिजवायच्या धान्यात परत मिसळायचा नाही. ओला झाला तर टाकून द्यायचा.

आता इथला खरा धोका बघा. मूल दाणा नाकात किंवा कानात घालतं आणि सांगत नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागला, तर सर्दी समजून सोडू नका. दाणा चिमट्याने किंवा काडीने काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. कानात पाणीही घालायचं नाही, कारण दाणा फुगतो. पालकांना बोलवा आणि मुलाला डॉक्टरांकडे न्यायला सांगा. तीन वर्षांखालचं भावंड वर्गात आलं असेल, तर त्या दिवशी तांदूळ काढूच नका.

पाण्यासाठी पसरट टब घ्या, बादली नको. लहान मुलाचं डोकं जड असतं. ते बादलीत वाकलं आणि तोल गेला, तर त्याला स्वतःला वर येता येत नाही, आणि ओरडायचा आवाजही येत नाही. टबात चार बोटं पाणी पुरतं. गाळणी, पेला आणि भोक पाडलेला डबा दिला, की पाणी कुठून लवकर जातं यावर मुलांची चर्चा सुरू होते. खेळ संपताच टब रिकामा करून उपडा ठेवायचा आणि फरशी पुसायची.

माती कुंभाराची किंवा शाडूची चालते. ती आधी मोठ्यांनी हाताने चाळून, मळून बघायची, कारण तिच्यात काच, खडे निघतात. गोळा हाताला चिकटला तर पाणी जास्त झालं. दाबल्यावर कडांना भेगा पडल्या तर पाणी कमी पडलं. हाताला जखम असलेल्या मुलाला मातीऐवजी तांदळाच्या कोपऱ्यात पाठवा. वाळलेली माती झाडूने झाडू नका, धूळ नाकात जाते. ओल्या फडक्याने पुसा.

मातीऐवजी मीठ घातलेली कणीक द्यायचा विचार असेल, तर थांबा. तिच्यात मीठ इतकं असतं, की मुलाने मोठा घास गिळला तर ते धोक्याचं ठरतं.