फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही: चित्र नेमके कुठे अडते?

फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालतो तेव्हा चित्राला दोन बिनतारी टप्पे पार करावे लागतात. पहिला मोबाइल टॉवरपासून फोनपर्यंतचा. शहरात तो काहीशे मीटरांचा असतो, खेड्यात काही किलोमीटरांचाही असू शकतो. दुसरा फोनपासून टीव्हीपर्यंतचा, म्हणजे वाय-फायचा. तो बहुधा एका खोलीपुरताच असतो. मधे बसलेला फोन राउटरचे काम करतो. टॉवरकडून आलेला डेटा घेतो आणि वाय-फायवरून टीव्हीकडे सोडतो.

टीव्हीला यातला फक्त दुसरा टप्पा दिसतो. त्यामुळे टीव्हीवर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली असूनही चित्र अडू शकते. फोन जवळ आहे आणि त्याच्याशी जोडणी नीट झाली आहे, एवढेच ती खूण सांगते. त्या फोनला टॉवरकडून किती डेटा मिळतो आहे, याचा तिला पत्ता नसतो.

साठा आणि त्याची गळती

स्ट्रीमिंगमधला चित्रपट सलग एका प्रवाहात येत नाही. त्याचे काही सेकंदांचे छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रतींमध्ये सर्व्हरवर तयार असतो. टीव्हीतले अ‍ॅप आधीचे तुकडे किती वेगाने आले ते मोजते आणि त्यावरून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा हे ठरवते. पडद्यावर एक तुकडा चालू असताना पुढचे काही तुकडे येऊन पडलेले असतात. हा साठा म्हणजे बफर. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखे त्याचे काम चालते. नळ थोडा वेळ गेला तरी घरात पाणी येत राहते, पण भरण्यापेक्षा उपसा जास्त झाला की टाकी कधीतरी रिकामी होणारच.

उपसा किती, हे दर्जावर ठरते. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार ७२०पी दर्जासाठी ३ एमबीपीएस, १०८०पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस वेग लागतो. वेग कमी पडू लागला की अ‍ॅप आधी दर्जा उतरवते, म्हणून चित्र धूसर होणे ही पहिली सूचना असते. सगळ्यात खालचा दर्जाही झेपेनासा झाला, किंवा डेटा येणेच अचानक थांबले, की साठा संपतो आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागते. थेट प्रक्षेपणात हे लवकर घडते. सामन्याचा पुढचा चेंडू अजून टाकलाच गेलेला नसल्याने अ‍ॅपला फार पुढचा साठा करून ठेवता येत नाही. म्हणून ज्या जोडणीवर चित्रपट सुरळीत चालतो, तिच्यावर क्रिकेटचा सामना अडखळू शकतो.

टॉवरकडचा टप्पा

एका टॉवरच्या कक्षेतले सगळे फोन त्याची क्षमता वाटून घेतात. संध्याकाळी सातनंतर घराघरांत व्हिडिओ सुरू झाले की प्रत्येकाचा वाटा घटतो. दुपारी उत्तम चालणारा टीव्ही रात्री नऊला अडत असेल आणि फोनवरचा सिग्नल मात्र तसाच असेल, तर कारण बहुधा ही गर्दीच असते.

दुसरे कारण म्हणजे भिंती. फोनवरच्या सिग्नलच्या दांड्यांवर फार विसंबता येत नाही, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपल्या पद्धतीने ठरवतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या About phone या भागात SIM status खाली सिग्नलचा खरा आकडा मिळतो. तो उणे असतो. ४जीसाठी उणे ९० किंवा त्याहून शून्याच्या जवळचा आकडा चांगला, तर उणे ११० च्या पलीकडचा कमकुवत समजावा. दर दहा अंकांना सिग्नलची शक्ती दहा पटींनी बदलते. खिडकीत उणे ९० असलेला आकडा टीव्हीच्या कपाटात उणे ११० झाला, तर फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती शंभर पटींनी घटलेली असते.

फोन कुठे ठेवावा याचे उत्तर यातच आहे. हॉटस्पॉट लावला की फोन टीव्हीशेजारी ठेवण्याकडे बहुतेकांचा कल असतो. पण एकाच खोलीत चार-पाच मीटरांवर वाय-फायला सहसा अडचण नसते. कमतरता असते ती टॉवरकडच्या टप्प्यात. म्हणून फोन त्याच खोलीच्या खिडकीत ठेवल्याने सहसा फायदा होतो. ५जीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. भारतात ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी भिंतींतून जाताना खालच्या पट्ट्यांतल्या लहरींपेक्षा जास्त क्षीण होतात. खिडकीत ५जी दाखवणारा फोन खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ४जीवर येतो, आणि काठावर असला तर या दोहोंत उड्या मारत राहतो.

वाय-फायचा टप्पा

हॉटस्पॉट २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी एकावर चालतो. २.४ चा पट्टा लांब पोहोचतो, पण त्यात गर्दी फार असते. अपार्टमेंटमधल्या शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचे स्पीकर आणि हेडफोन, चालू असलेला मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे त्याच पट्ट्यात असतात. एकमेकांना न अडवणारे वाय-फायचे तीनच मार्ग त्यात बसतात. ५ गिगाहर्ट्झवर जागा बरीच असते आणि वेगही जास्त मिळतो, मात्र मधे भिंत आली की तो लवकर क्षीण होतो. फोन आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर हा दुसरा पट्टा चांगला.

अडचण अशी की अनेक स्वस्त टीव्हींना फक्त २.४ चाच पट्टा कळतो. फोनचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर अशा टीव्हीच्या यादीत त्याचे नावच दिसत नाही. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनांत Maximize Compatibility हा पर्याय सुरू केला की हॉटस्पॉट २.४ वर येतो. पुढे टीव्ही बदलला तरी तो पर्याय तसाच राहतो आणि नवा टीव्ही विनाकारण गर्दीच्या पट्ट्यावर अडकतो. अँड्रॉइड फोनांत पट्टा निवडण्याची सोय हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्येच असते.

मधला फोन

राउटर एकच काम करतो, फोनला मात्र दहा कामे असतात. त्यातले सर्वांत त्रासाचे काम म्हणजे कॉल. अनेक दोन सिमच्या फोनांत एका सिमवर बोलणे चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. डेटाच्याच सिमवर कॉल आला आणि व्हीओएलटीई बंद असेल, तर फोन बोलण्यासाठी ४जी सोडून जुन्या नेटवर्कवर जातो आणि डेटा रेंगाळतो किंवा थांबतो. अर्ध्या मिनिटाचा साठा असेल तर दहा सेकंदांचा कॉल कुणाच्या लक्षातही येत नाही. चार मिनिटांच्या कॉलमध्ये मात्र चित्र थांबतेच.

दुसरा शत्रू उष्णता. हॉटस्पॉटवर फोनचे दोन्ही रेडिओ सतत चालतात, आणि त्यात चार्जर लावलेला असेल तर फोन आणखी तापतो. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे अ‍ॅपल सांगते. विदर्भातल्या उन्हाळ्यात पंख्याखालची खोलीही याहून गरम असते. फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. तासभर नीट चाललेले चित्र हळूहळू बिघडत गेले आणि फोन हाताला गरम लागला, तर हेच कारण समजावे. खिडकीत ठेवलेल्या फोनवर ऊन येऊ देऊ नये, हे ओघाने आलेच.

याखेरीज, कोणतेही उपकरण जोडलेले नसेल तर बरेच फोन काही मिनिटांनी हॉटस्पॉट आपोआप बंद करतात. जेवणापुरता टीव्ही बंद केला आणि परत लावल्यावर इंटरनेट नाही असे दिसले, तर तो बिघाड नसून बॅटरी वाचवण्याची ही सोय असते. ती सेटिंग्जमध्ये बंद करता येते.

दोन जीबी आणि अडीच तासांचा चित्रपट

काही वेळा जोडणीत काहीच दोष नसतो, फक्त डेटा संपलेला असतो. रोज २ जीबी देणारे प्रीपेड पॅक आणि अडीच तासांचा चित्रपट घेऊन हिशेब करता येतो. १०८०पी दर्जाला सेकंदाला ५ मेगाबिट धरले, तर तासाला १८,००० मेगाबिट होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हे झाले सुमारे सव्वादोन जीबी. म्हणजे दोन जीबी साधारण ५३ मिनिटांत, मध्यंतराच्याही आधी, संपतात.

त्यानंतर अशा पॅकवर वेग सहसा ६४ केबीपीएसवर येतो. सर्वांत खालच्या दर्जाचे चित्र सेकंदाला ३०० किलोबिटांचे धरले, तरी सहा सेकंदांचा तुकडा १,८०० किलोबिटांचा होतो आणि तो यायला २८ सेकंद लागतात. अशा वेगावर टीव्ही चालणे शक्यच नाही, मात्र व्हॉट्सअ‍ॅपचे मजकूर येत राहतात. म्हणून नेट चालू आहे असा भास होतो. टीव्ही वाय-फायला अमर्याद समजून जमेल तेवढा वरचा दर्जा मागतो, ही त्यातली भर. तोच चित्रपट ४८०पी दर्जाला सेकंदाला दीड मेगाबिटाने पाहिला, तर पूर्ण अडीच तासांना १.७ जीबी पुरतात.

अमर्याद ५जी असलेल्या पॅकमध्येही ही अडचण येते. ती सवलत ५जीवर असतानाच लागू होते. फोन ४जीवर उतरला की डेटा रोजच्या कोट्यातून जाऊ लागतो, आणि टीव्ही पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

दोष कुठे आहे हे ओळखणे

पहिली चाचणी सोपी आहे. टीव्ही बंद करून तोच व्हिडिओ, त्याच जागी ठेवलेल्या फोनवर लावावा. लहान पडद्यामुळे फोन आपणहून कमी दर्जा निवडतो, म्हणून दर्जा हाताने १०८०पी करावा. फोनवरही चित्र अडले तर दोष टॉवरकडच्या टप्प्यात किंवा कोट्यात आहे. आधी शिल्लक डेटा पाहावा, मग फोन खिडकीत नेऊन पुन्हा तपासावे. फोनवर चित्र नीट चालले तर दोष वाय-फायमध्ये किंवा टीव्हीत असतो. अशा वेळी हॉटस्पॉटचा पट्टा बदलून पाहावा.

यूट्यूबच्या टीव्हीवरील अ‍ॅपमध्ये Stats for nerds हा पर्याय आहे. त्यातली Buffer Health ही ओळ किती सेकंदांचा साठा आहे ते दाखवते. हा आकडा हळूहळू शून्याकडे जात असेल तर वेग कमी पडतो आहे. तो चांगला असताना अचानक घसरू लागून थोड्या वेळाने पुन्हा भरत असेल, तर जोडणी मधेच तुटते आहे. म्हणजे कॉल, ४जी-५जीमधली उडी किंवा वाय-फायमधला अडथळा यांपैकी काहीतरी आहे. पहिल्या प्रकारावर दर्जा उतरवणे हा उपाय आहे. दुसऱ्या प्रकारात दर्जा उतरवून फारसे काही साधत नाही, तिथे तुटण्याचे कारणच काढावे लागते. आणि दोष टॉवरवरच्या रात्रीच्या गर्दीचा असेल, तर घरातल्या कोणत्याही सेटिंगने ती हटत नाही. दर्जा खाली ठेवणे, पाहण्याची वेळ बदलणे किंवा कमी गर्दीच्या दुसऱ्या कंपनीचे सिम डेटासाठी वापरणे, एवढेच पर्याय उरतात.