फोनवरचं रडणं कागदावर किती?

"कस्टमर रूड. ओरडत होती. ब्रांचला जायला सांगितलं."

बँकेच्या हेल्पलाइनवर आलेल्या बारा मिनिटांच्या एका फोनची ही सगळी नोंद. माझं काम कॉल सेंटरमध्ये क्वालिटीचं. झालेले फोन ऐकायचे आणि एजंटने लिहिलेली नोंद त्यांच्याशी ताडून बघायची. फोन ठेवला की पुढचा घेण्याआधी एजंटला दीड-दोन मिनिटं मिळतात. त्याला आम्ही रॅपअप म्हणतो. तेवढ्या वेळात बारा मिनिटांचं बोलणं चार-पाच ओळींत बसवायचं असतं, आणि पलीकडचं माणूस रडलेलं किंवा चिडलेलं असेल तर त्यातलं किती ठेवायचं हे ठरवायचं असतं. ते ठरवायला फारसं कुणी शिकवत नाही.

या फोनचे तपशील कुणी ओळखू नये इतपत बदलले आहेत. पन्नाशीच्या एक बाई. नवरा जाऊन अडीच महिने झालेले, बचत खातं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी या. क्लेमचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि आधारची प्रत त्यांनी शाखेत देऊन पोच घेतली होती. त्याला सव्वीस दिवस झाले होते. खात्याला नॉमिनी असेल तर बँकेने सक्सेशन सर्टिफिकेटचा आग्रह धरू नये आणि कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यावेत, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. शाखेने मात्र सर्टिफिकेट आणा म्हणून परत पाठवलं होतं. बाईंचा हेल्पलाइनला हा तिसरा फोन.

रेकॉर्डिंगची पहिली चार मिनिटं बाई अगदी सरळ बोलतात. पाठ झाल्यासारख्या तारखा सांगतात. मग एजंट म्हणतो, "मॅडम, खातं मिस्टरांच्या नावावर आहे, व्हेरिफिकेशनसाठी त्यांना फोन द्याल का?" ते गेल्याचं बाईंनी सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. पण पोराच्या स्क्रीनवर खातेदाराची पडताळणी हा रकाना पुढे आलेला असतो आणि तो ते वाचून जातो. यानंतर अकरा सेकंद काही ऐकू येत नाही. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि "त्यांना कुठनं फोन देऊ?" हे वाक्य मधेच तुटतं. एजंट घाबरून म्हणतो, "मॅडम, आवाज वाढवू नका." तोवर आवाज वाढलेला नसतो. तो यानंतर वाढतो. "दर वेळी मीच सांगायचं का, ते गेले म्हणून? तुझ्या आईला असं विचारशील का रे?"

सातव्या मिनिटाला बाई शांत होतात, पोचपावतीचा क्रमांक एकेक आकडा करून सांगतात, आणि शेवटी "बरं" म्हणून फोन ठेवतात.

आता वरची नोंद पुन्हा वाचा. तिच्यात खोटं म्हणाल तर काही नाही. बाई ओरडल्या होत्या. पण "रूड" हा शब्द त्या फोनमध्ये कुठेच ऐकू येत नाही. ऐकू येतं ते मौन, तुटलेलं वाक्य, चढलेला आवाज आणि "तुम्ही"वरून "तू"वर आलेलं बोलणं. "रूड" हा एजंटने काढलेला निष्कर्ष आहे, आणि पुढचा एजंट चौथा फोन घेताना तो निष्कर्षच आधी वाचणार आहे. तो सावध होऊन, आवाज कोरडा करून सुरुवात करणार. असे फोन मी शेकड्यांनी ऐकले आहेत. आधीच्या नोंदीत "रूड" दिसलं की पुढच्या एजंटचं पहिलं वाक्यच बदलतं.

विशेषण हे ऐकणाऱ्याचं मत असतं, याकडे संशोधकांचंही लक्ष गेलं आहे. जॅक व्हेलन आणि डॉन झिमरमन यांनी अमेरिकेतल्या 911 या आपत्कालीन क्रमांकावर आलेले फोन तपासले. फोन घेणारे काही जणांवर "हिस्टेरिकल" असा शिक्का का मारतात, हे त्यांनी 1998 मध्ये मांडलं. बोलणारा किती विव्हळतो आहे, यापेक्षा आपल्याला हवी ती माहिती त्याच्याकडून निघते आहे की नाही, यावर तो शिक्का जास्त अवलंबून होता. पत्ता मिळाला नाही, तर तो का मिळाला नाही याचं कारण म्हणून तो शब्द कामी येत होता. आमच्या नोंदींतलं "रूड" आणि "नॉट को-ऑपरेटिव्ह" अगदी हेच काम करतं.

मग करायचं काय? भावना पुसूनच टाकायची? तसं करणारेही पुष्कळ आहेत. त्याच फोनची तशी नोंद होईल: "नॉमिनीने क्लेमच्या स्थितीबद्दल विचारणा केली. माहिती दिली." ऑडिटमध्ये हिला कुणी नावं ठेवणार नाही, आणि माझ्या मते ही पहिलीपेक्षा जास्त घातक आहे. पहिली वाचून निदान काहीतरी बिनसल्याचं कळतं. ही वाचून चौथा एजंट निर्धास्तपणे पुन्हा म्हणेल, "मिस्टरांना फोन द्या."

मी नव्या मुलांना एकच विचारायला सांगते: हे वाचून पुढचा माणूस काही वेगळं करणार आहे का? करणार असेल तर ठेवा, नाहीतर सोडा. आणि ठेवलेली भावना तिच्या कारणाला बांधून ठेवा. "ग्राहक रडल्या" एवढंच लिहिलं तर ते त्यांच्या स्वभावाचं वर्णन होतं. "खातेदाराला फोन द्या म्हटल्यावर रडू आलं" असं लिहिलं की ती घडलेली गोष्ट होते, आणि ती टाळायची कशी हेही त्याच वाक्यात येतं.

क्रियापद निवडतानाही हात सांभाळावा लागतो, कारण मराठीत निवाडा बऱ्याचदा क्रियापदात लपलेला असतो. "हुज्जत घातली" आणि "म्हणणं लावून धरलं" या एकाच प्रसंगाच्या दोन नोंदी होऊ शकतात. "रडू आलं", "रडायला लागल्या" आणि "रडून गोंधळ घातला" यांतलं फक्त शेवटचं ऐकणाऱ्याला झालेल्या त्रासाबद्दल आहे.

रडणं म्हणजे नेमकं काय ऐकू आलं, हे वेगळं काढता येतं. ब्रिटनमधल्या एका बालसंरक्षण हेल्पलाइनचे फोन अभ्यासून अलेक्सा हेपबर्न यांनी 2004 मध्ये ते करून दाखवलं. मौन, ओला हुंकार, थरथरता आवाज, हुंदका हे सगळं त्यांनी लिप्यंतरात स्वतंत्र खुणांनी दाखवलं, आणि फोन घेणारे त्या त्या वेळी काय म्हणाले हेही शेजारी ठेवलं. आमच्या दोन मिनिटांत असं बारीक काम होणार नाही, व्हायलाही नको. पण त्यातून एक सवय मी उचलली. मौन ऐकायचं. आमच्या फोनमधली अकरा सेकंद लक्षात घेतली नाहीत तर बाई एकदम भडकल्या असं वाटतं. ती घेतली तर आधी दुखावल्या, मग "आवाज वाढवू नका" ऐकून चिडल्या, हा क्रम कळतो.

कानाचाही दोष असतो. पुण्यात बसून फोन घेणाऱ्या पोराला कोल्हापूरकडचा किंवा मालवणी माणूस नुसतं विचारत असला तरी भांडतो आहे असं वाटू शकतं. ऐकू कमी येणारे आजोबा मोठ्याने बोलतात. शेतातून, रेंज नसलेल्या ठिकाणाहून बोलणारा ओरडूनच बोलतो. म्हणून आवाजाची पट्टी एकटी धरू नये. फोनच्या सुरुवातीला तो माणूस कसा बोलत होता आणि कुठे बदलला, ते धरावं. "तुम्ही"चं "तू" झालं, "अहो"चं "ए" झालं, तर तो बदल बहुतेक वेळा खरा असतो. पण पहिल्यापासूनच अरे-तुरे असेल तर ती त्या माणसाची बोली असू शकते.

एका ठिकाणी मात्र सारांश करायचाच नाही. आपल्याकडे "जीव नकोसा झालाय", "आता विष खाऊ का?" हे रागाच्या भरात सहज बोललं जातं. बहुतेक वेळा ती बोलायची रीत असते, नेहमीच नसते. ती रीत आहे की खरं आहे, हे रॅपअपच्या दोन मिनिटांत एजंटने स्वतःशी ठरवायचं नाही. शब्द जसेच्या तसे लिहायचे, आणि फोन चालू असतानाच स्पष्ट विचारायचं: "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो आहे का?" विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही भीती निराधार आहे. काय विचारलं, काय उत्तर आलं, सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिला की नाही आणि वरिष्ठांना कळवलं की नाही, हे सगळं लिहायचं. "कस्टमर इमोशनल होती" या तीन शब्दी पडद्यामागे असं वाक्य दडलेलं मला दोनदा सापडलं आहे. दोन्ही वेळा त्याच संध्याकाळी आम्ही परत फोन केला.

शिवीगाळ आणि धमकीलाही हाच नियम. खरंच शिवी दिली असेल तर नुसतं "अब्युझिव्ह" न लिहिता शब्द लिहावेत. त्यात एजंटचंही रक्षण आहे, कारण उद्या तक्रार झाली तर विशेषणावर वाद होतो, शब्द रेकॉर्डिंगशी जुळवून बघता येतात.

तर त्या बाईंची नोंद आम्ही एजंटला शेजारी बसवून पुन्हा लिहिली:

"खातेदार मयत. बोलणाऱ्या त्यांच्या पत्नी, नॉमिनी. कागद देऊन 26 दिवस, पोच क्रमांक घेतला. शाखेने सक्सेशन सर्टिफिकेट मागितलं. हा तिसरा फोन. आपण खातेदाराला फोन द्यायला सांगितलं, त्यावर रडू आलं, मग आवाज चढला: 'दर वेळी मीच सांगायचं का, ते गेले म्हणून?' पुढे शांत, माहिती नीट दिली. पुन्हा खातेदाराची चौकशी करू नये. दोन दिवसांत शाखेचं उत्तर कळवायचं कबूल केलं."

आईचा उल्लेख सोडला. तो वाचून पुढचा एजंट काही वेगळं करणार नव्हता, फक्त बाईंबद्दलचं मत बनवणार होता. मधे बाईंनी दिराबद्दल बरंच सांगितलं होतं. तेही सोडलं, कारण ते घरातलं होतं आणि खात्याशी त्याचा संबंध नव्हता. "दर वेळी" हे शब्द मात्र हट्टाने ठेवले. राग कशाचा आहे ते त्या दोन शब्दांत आहे, आणि आधीच्या दोन फोनमध्येही हाच प्रश्न विचारला गेला होता हे शोधायला मला त्यांनीच लावलं.

शाखेला पाठवलेल्या मेलमध्ये रडण्याचा उल्लेखच नव्हता. शाखा अधिकाऱ्याला हवं होतं ते तारीख, पोच क्रमांक, नॉमिनीची नोंद आणि नियम. तिथे अश्रू घातले असते तर उत्तर अश्रूंना आलं असतं, "ग्राहकाच्या दुःखात सहभागी आहोत" असं, आणि सर्टिफिकेटचा मुद्दा तसाच राहिला असता. हेच प्रकरण पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलं असतं, तर मात्र तीनदा तोच प्रश्न विचारला गेला ही गोष्ट तारखांसह पुन्हा वर आणावी लागली असती. फोन एकच होता, पण वाचणारा बदलला की त्यातली भावना ठेवण्याचं मापही बदलतं.

दोन दिवसांनी दुसऱ्या मुलीने बाईंना फोन लावला. नोंद वाचून तिने खातेदाराचं नावसुद्धा घेतलं नाही. पोच क्रमांक सांगितला, सर्टिफिकेट लागणार नाही असं शाखेने कळवल्याचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशीच्या पोराला सांगा, मी जरा जास्तच बोलले." मुलीने तेही लिहिलं. कुठल्या रकान्यात घालावं ते तिला कळेना, शेवटी "इतर"मध्ये घातलं.